दहा मिनिटांत मातृभाषेवरचा शोधनिबंध: चर्चासत्रात पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या प्राथमिक शिक्षकांसाठी

नाशिकच्या एखाद्या कॉलेजात शिक्षणावरचं चर्चासत्र भरतं तेव्हा सटाणा, कळवण, पेठ, सुरगाण्याहून शिक्षक पहाटेची एसटी धरून येतात. एका सत्रात आठ-दहा निबंध असतात आणि प्रत्येकाला दहा मिनिटं मिळतात. त्यातली दोन प्रश्नांसाठी राखलेली असतात, म्हणजे बोलायला उरतात आठ. मातृभाषेवर बोलणारे बहुतेक जण यातली पहिली चार मिनिटं ‘मातृभाषेचे महत्त्व’ सांगण्यात घालवतात. स्वतःच्या वर्गाची गोष्ट सुरू होते न होते तोच घंटा वाजते. मला याची मनापासून हळहळ वाटते, कारण समोर बसलेल्या कुणालाच जे माहीत नसतं ते नेमकं त्या वर्गात असतं.

हा लेख पहिल्यांदा निबंध वाचणाऱ्यांसाठी आहे. पहिली-दुसरीच्या वर्गात मुलांच्या घरच्या भाषेचा वापर हा विषय धरून मी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेणार आहे. बागलाण तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, इयत्ता दुसरी, सोळा मुलं, सगळ्यांच्या घरी अहिराणी. शाळा आणि पुढे येणारे आकडे उदाहरणासाठी कल्पिलेले आहेत. ते कुठल्या पाहणीतले म्हणून वापरू नका.

पहिली पायरी: आठ मिनिटांत मावेल असा प्रश्न

‘प्राथमिक शिक्षणात मातृभाषेची भूमिका’ हे शीर्षक पुस्तकाला शोभेल. त्यापेक्षा थोडं बरं म्हणजे ‘अहिराणीच्या वापराने दुसरीच्या मुलांच्या गुणवत्तेत झालेली वाढ’. पण ही वाढ दाखवायची तर तसाच दुसरा वर्ग लागतो, जिथे अहिराणी वापरलेली नाही. एका शिक्षकाकडे तो नसतो. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी चाचणी घेतली तर मुलं पुढे गेलेली दिसतीलच, ती एरवीही गेली असती. सत्राध्यक्ष पहिला प्रश्न हाच विचारतात आणि त्यावर उत्तर नसतं.

म्हणून तुलना अशी निवडा की तीच मुलं दोन्ही बाजूंना असतील. आपल्या उदाहरणातला प्रश्न असा: गोष्ट ऐकून झाल्यावर मुलाला फक्त प्रमाण मराठीत उत्तर द्यायला सांगितलं आणि हव्या त्या भाषेत उत्तर द्यायची मोकळीक दिली, तर त्याला समजलेलं आपल्याला किती वेगळं दिसतं? हा प्रश्न लहान आहे, दोन आठवड्यांत तपासता येतो आणि दुसऱ्या वर्गाची गरज लागत नाही. शिवाय तो शिक्षकाच्या रोजच्या कामाला भिडतो. ‘याला काही कळत नाही’ असा शेरा आपण ज्या मुलावर मारतो, त्याला खरंच कळत नाही की सांगता येत नाही, हे त्यातून उघड होतं.

शीर्षकही त्यातूनच निघतं: ‘उत्तराची भाषा मोकळी ठेवल्यावर दुसरीतल्या अहिराणीभाषक मुलांचं आकलन कसं दिसतं: बागलाण तालुक्यातल्या एका वर्गाचा अभ्यास’. लांब आहे, पण गोषवारा न वाचताही काय केलं ते कळतं.

दुसरी पायरी: काम असं करा की आकड्याला अर्थ राहील

इथे मी जास्त थांबणार आहे. सादरीकरण फसतं ते बहुधा मंचावर नाही, वर्गातच फसलेलं असतं.

साठ-सत्तर शब्दांच्या दोन गोष्टी घ्या. पाठ्यपुस्तकातल्या नकोत, कारण त्यांची उत्तरं मुलांना पाठ असतात. समजा एक हरवलेल्या बकरीची आणि दुसरी विहिरीवर भांडणाऱ्या दोन बहिणींची. दोन्ही गोष्टी साधारण सारख्या अवघड हव्यात. ते तपासायला दुसऱ्या शाळेतल्या चार-पाच मुलांना आधी सांगून पाहा. प्रत्येक गोष्टीवर पाच प्रश्न काढा: दोनांचं उत्तर गोष्टीत थेट आलेलं, तीन ‘का’ विचारणारे. बकरी कुठे गेली, हा थेट प्रश्न. बकरी झुडपात का लपली, याचं उत्तर मुलाला स्वतः जुळवावं लागतं.

गोष्ट तुम्ही दोनदा वाचून दाखवा, मुलाला वाचायला देऊ नका. ज्याचं वाचन कच्चं आहे त्याचं आकलनही कच्चं ठरेल आणि वाचन नि आकलन यांची सरमिसळ होईल. मात्र निबंधात ‘वाचन आकलन’ असं लिहू नका. ‘ऐकून आकलन’ लिहा, कारण तुम्ही तेच तपासलं आहे.

आता खरी मेख. सगळ्या मुलांना आधी बकरीची गोष्ट मराठी उत्तरांसह आणि मग बहिणींची गोष्ट मोकळ्या उत्तरांसह दिली, तर दुसऱ्या वेळी उत्तरं सुधारली तरी कारण कळणार नाही. कदाचित दुसरी गोष्ट सोपी होती, कदाचित मुलं एव्हाना सरावली होती. म्हणून सोळा मुलांचे चिठ्ठ्या टाकून चार-चारांचे चार गट करा. पहिला गट आधी बकरीवर मराठीत उत्तरं देईल, नंतर बहिणींवर मोकळी. दुसरा आधी बहिणींवर मराठीत, नंतर बकरीवर मोकळी. तिसऱ्या आणि चौथ्या गटात मोकळी उत्तरं आधी आणि मराठी नंतर, गोष्टी पुन्हा आलटूनपालटून. असं केलं की गोष्टीचा सोपेपणा आणि सराव दोन्ही बाजूंना सारखे वाटले जातात. दोन फेऱ्यांमध्ये एक-दोन दिवस जाऊ द्या.

प्रश्न दोन्ही वेळी प्रमाण मराठीतच विचारा. मोकळ्या फेरीत प्रश्नही अहिराणीत विचारलात तर एकदम दोन गोष्टी बदलल्या, आणि फरक प्रश्न कळल्यामुळे पडला की उत्तर देता आल्यामुळे, हे सांगता येणार नाही. यात एक अडचण येते. शाळेत बाईंनी मराठीत विचारलं की मूल मराठीतच तोंड उघडतं, तुम्ही कितीही परवानगी द्या. म्हणून मोकळ्या फेरीआधी दोन-तीन मिनिटं त्याच्याशी अहिराणीत गप्पा मारा, त्याच्या घरातल्या गाईबद्दल, भावाबद्दल. मग सांगा, ‘तुले जसं येस तसं सांग.’ मराठी फेरीआधीही तितकाच वेळ मराठीत गप्पा मारा, नाहीतर एका बाजूला मूल मोकळं झालेलं असेल आणि दुसऱ्या बाजूला बावरलेलं. तुम्हाला अहिराणी येत नसेल तर गप्पांसाठी गावातल्या अंगणवाडी सेविकेची किंवा एखाद्या आईची मदत घ्या, पण मग दोन्ही फेऱ्यांत तीच व्यक्ती हवी.

उत्तरं मोबाइलवर रेकॉर्ड करा. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांची संमती त्याआधी घ्या. निबंधात मुलांची नावं नकोत, ‘मूल १’, ‘मूल २’ पुरे. एका वर्गात सोळाच मुलं असतात, त्यामुळे गावाचं नावही टाळा आणि तालुक्यावर थांबा.

तिसरी पायरी: तपासताना काय बरोबर धरायचं ते आधी ठरवा

बकरी झुडपात का लपली, यावर एक मूल म्हणतं, ‘तिले कुत्रा दिसना,’ म्हणजे तिला कुत्रा दिसला. हे उत्तर बरोबर आहे, त्यात शंका नाही. पण मराठी फेरीत एखादं मूल ‘तिले कुत्रा दिसला’ असं अर्धं-अर्धं बोललं तर? वर्गात असं सर्रास होतं. माझं मत असं की मराठी फेरीत आशय बरोबर असेल तर प्रत्ययाच्या चुकीसाठी गुण कापू नयेत. कापले तर तुम्ही आकलन मोजत नाही, प्रमाण भाषेचं व्याकरण मोजता, आणि दोन फेऱ्यांतला फरक फुगवून दाखवता. नियम कोणताही ठेवा, पण उत्तरं ऐकण्याआधी कागदावर लिहा आणि निबंधात एका वाक्यात सांगा.

उच्चारांचंही तसंच. अहिराणीत ‘ळ’च्या जागी बहुतेक ठिकाणी ‘य’ येतो: डोळा म्हणजे ‘डोया’, काळा म्हणजे ‘काया’. काही जण आकलनाच्या जोडीला मिनिटाला किती शब्द वाचले हेही मोजतात, आणि मुलाने ‘डोळा’ हा शब्द ‘डोया’ असा वाचला की चूक लावतात. मग अहिराणी मुलांचं वाचन उगाच कच्चं दिसतं. ही वाचनाची चूक की घरचा उच्चार, हे ओळखता येतं. मुलाला त्या शब्दावर बोट ठेवून ‘म्हणजे काय’ विचारा, ते स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवेल. आणि पाहा की प्रत्येक ‘ळ’ तो ‘य’ असाच वाचतो का. नेमाने तसंच होत असेल तर त्याला अक्षर ओळखता येतं, फक्त त्याच्या तोंडी ते असं येतं. तोच ‘ळ’ कधी ‘क’ तर कधी ‘ठ’ असा वाचला जात असेल तर ती खरी चूक. हा फरक न करता काढलेला वाचनवेग बागलाणच्या किंवा मालेगाव-देवळ्याच्या वर्गातून आलेला असेल तर मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

रेकॉर्डिंग दुसऱ्या कुणाकडूनही तपासून घ्या. त्या व्यक्तीला अहिराणी समजायला हवी आणि तिने तुमचे गुण आधी पाहिलेले नसावेत. किती उत्तरांवर तुमचं दोघांचं एकमत झालं ते मोजा. आपल्याच वर्गाची मुलं आपणच तपासतो तेव्हा नकळत त्यांच्या बाजूने झुकतो. त्यावर हाच एक साधा उपाय आहे.

चौथी पायरी: एकच तक्ता

सोळा मुलं, प्रत्येक फेरीत पाच प्रश्न, म्हणजे प्रत्येक फेरीत ऐंशी उत्तरं. समजा मराठी फेरीत ३८ बरोबर आली आणि मोकळ्या फेरीत ५९. नुसतं एवढं सांगितलं तरी लोक माना डोलावतील. पण प्रश्नांचे दोन प्रकार वेगळे काढा. थेट प्रश्नांची उत्तरं ३२ होती: मराठीत २४ बरोबर, मोकळ्यात २७. ‘का’च्या प्रश्नांची ४८ होती: मराठीत १४ बरोबर, मोकळ्यात ३२.

म्हणजे बोलायचा मुद्दा इथे आहे. थेट प्रश्नात मूल गोष्टीतलाच शब्द उचलून देतं, म्हणून भाषेमुळे फारसं अडत नाही. ‘का’ म्हटल्यावर स्वतःचं वाक्य बांधावं लागतं आणि तिथे ते मराठीत गप्प होतं. शिक्षकाला वाटतं, याला कारण कळलं नाही. कारण त्याला कळलेलं असतं.

हा तक्ता म्हणजे तुमचं सादरीकरण. टक्के काढू नका. सोळा मुलांत एक मूल म्हणजे सहा टक्क्यांहून जास्त, त्यामुळे टक्के सांगितले की छोट्या गटाचा आकडा मोठ्या पाहणीचा असल्यासारखा वाटतो. ‘४८ पैकी १४’ आणि ‘४८ पैकी ३२’ असंच म्हणा. सोबत किती मुलांमध्ये फरक दिसला तेही सांगा, कारण सगळी वाढ चार हुशार मुलांमुळेही असू शकते. सोळापैकी तेरा मुलांनी मोकळ्या फेरीत जास्त उत्तरं दिली असतील तर हे वाक्य तक्त्याइतकंच मोलाचं आहे.

पाचवी पायरी: तीन हजार शब्दांतून आठ मिनिटं

पाठवायचा निबंध तीन हजार शब्दांचा असेल. मंचावर सावकाश, समजेल असं मराठी बोलताना मिनिटाला साधारण शंभर-एकशेदहा शब्द होतात. म्हणजे आठ मिनिटांत आठशे-साडेआठशे. स्वतःचा वेग तपासायला एक पान मोठ्याने वाचून घड्याळ लावा. मनातल्या मनात वाचलं तर वेळ नेहमी कमी दिसतो.

धोरणाला एक वाक्य द्या, पण नेमकं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जिथे शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा, मातृभाषा, स्थानिक भाषा किंवा प्रादेशिक भाषा हे माध्यम असावं असं म्हटलं आहे. ‘किंवा प्रादेशिक भाषा’ या शब्दांमुळे मराठी शाळा सगळं पाळतच आहे असं वाटतं. पण त्याच परिच्छेदात पुढे असंही आहे की घरच्या भाषेत पाठ्यपुस्तक नसलं तरी शिक्षक आणि मुलांमधला व्यवहार शक्य तिथे घरच्या भाषेतच राहावा. तुमचा अभ्यास याच वाक्यावर उभा आहे. अहिराणीत पाठ्यपुस्तक हवं असं तुम्ही म्हणत नाही. वर्गातल्या तोंडी उत्तराबद्दल बोलता. हे सुरुवातीलाच सांगितलं की निम्मा वाद टळतो. शिक्षण हक्क कायदा, संविधान, युनेस्को हे सगळं लेखी निबंधात राहू द्या.

मी वेळ अशी वाटेन. पहिल्या मिनिटात वर्ग, भाषा, प्रश्न आणि धोरणातलं ते वाक्य. पुढची दोन मिनिटं काय केलं, गटांची अदलाबदल आणि गुण देण्याचा नियम. तीन मिनिटं तक्ता आणि दोन मुलांची प्रत्यक्ष उत्तरं. एक मिनिट मर्यादा. उरलेलं एक मिनिट, तुमच्या वर्गात आता काय बदललं: समजा आता ‘का’चा प्रश्न विचारल्यावर मूल आधी अहिराणीत सांगतं, तुम्ही ते वाक्य फळ्यावर जसंच्या तसं लिहिता आणि त्याच्या शेजारी सगळे मिळून मराठी वाक्य तयार करता.

मुलांची उत्तरं पडद्यावर लिहून दाखवा. आवाज ऐकवायचा मोह होतो, पण सभागृहातल्या स्पीकरचा भरवसा नसतो आणि पालकांनी आवाज बाहेर ऐकवायला वेगळी संमती दिलेली नसते. एकाच मुलाचं मराठी फेरीतलं ‘माहीत नाही’ आणि मोकळ्या फेरीतलं पूर्ण वाक्य शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत हे मात्र बोलून दाखवा, नाहीतर ती फसवणूक होईल.

आधीचे वक्ते लांबले की तुमच्या दहा मिनिटांची पाच होतात. दुपारच्या सत्रात हे ठरलेलंच. म्हणून काय गाळायचं ते घरीच ठरवून कागदावर कंस करून ठेवा. पाच मिनिटांत प्रश्न, तक्ता आणि मर्यादा राहिल्याच पाहिजेत. पद्धतीतून फक्त गटांच्या अदलाबदलीचं एक वाक्य ठेवा. घाईघाईने आठ मिनिटांचं पाचांत वाचू नका.

पाच स्लाइड पुरतात. त्या युनिकोड मराठीत टाइप करा आणि पीडीएफही करून ठेवा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली स्लाइड दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात आणि तुमचं एक मिनिट त्यात जातं. तक्ता छापून दहा-पंधरा प्रतीही न्या.

सहावी पायरी: मर्यादा आणि ठरलेले दोन प्रश्न

मर्यादा तुम्हीच आधी सांगा. एक वर्ग, सोळा मुलं, शिक्षकच तपासणारा, फक्त तोंडी उत्तरं. यावरून अहिराणीतून शिकवल्याने मुलं जास्त शिकतात, असं सिद्ध होत नाही. एवढंच दिसतं की फक्त मराठीत विचारून काढलेला अंदाज या वर्गात कमी पडला. मुद्दा लहान असला तरी पक्का आहे.

पहिला प्रश्न येतो, ‘अहिराणी ही मराठीचीच बोली आहे ना, मग वेगळी मातृभाषा कशी?’ भाषा की बोली या वादात शिरू नका. जनगणनेत अहिराणी मराठीच्या खाली नाही, खानदेशी या गटाखाली मोजली जाते, एवढं सांगता येईल. पण त्याहून चांगलं उत्तर तुमच्या तक्त्यात आहे: नाव काहीही द्या, या मुलांना ‘का’चं उत्तर एकात देता येतं आणि दुसऱ्यात अजून देता येत नाही. सुरगाणा-पेठकडचे शिक्षक कोकणा मुलांबद्दल हेच विचारतात. त्यांना ही पद्धत तिथे करून पाहायला सांगा, निष्कर्ष मात्र उसना देऊ नका.

दुसरा प्रश्न असा: ‘अहिराणीत बोलू दिलं तर मराठी कधी शिकणार?’ कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार इथे कामाचा आहे. रोजच्या बोलण्याची भाषा आणि शाळेत कारण, तुलना, अनुमान मांडायची भाषा या वेगळ्या वेगाने वाढतात, आणि एका भाषेत पक्की झालेली समज दुसरीत नेता येते. दुसरीतलं मूल मधल्या सुट्टीत सफाईने मराठी बोलतं म्हणून त्याला ‘का’चं उत्तरही मराठीत येईल, असं धरता येत नाही. हे तीन वाक्यांत सांगा आणि मान्य करा की मराठीतली वाढ तुम्ही या अभ्यासात मोजलेली नाही. पुढच्या वर्षी याच मुलांची मराठी फेरी पुन्हा घेता येईल, तेव्हा यंदाच्या गोष्टी आणि प्रश्न जपून ठेवा.

सत्र संपल्यावर चहाच्या वेळी कुणी अहिराणी घरातले शिक्षक भेटले तर तक्त्याची प्रत द्या आणि त्यांच्या वर्गातल्या दोन मुलांवर हेच करून पाहतील का, ते विचारा. ज्या प्रश्नाला मंचावर उत्तर देता आलं नाही तो त्याच दिवशी लिहून काढा. अंतिम निबंध बहुधा चर्चासत्रानंतर काही दिवसांनी द्यायचा असतो, आणि मर्यादांच्या भागात त्या प्रश्नासाठी एक परिच्छेद वाढवता येतो.